कांदेबाग नकाशात मका का झाली : यावल–रावेर पट्ट्यातील पीक वर्गीकरणासाठी प्रशिक्षण बिंदूंची निवड आणि समतोल

सातपुड्याचा पायथा आणि तापी यांच्या मधल्या यावल–रावेर पट्ट्याचा रब्बी पीक नकाशा तयार करण्याचे काम आमच्या छोट्या गटाकडे होते. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या वेगवेगळ्या तारखांच्या प्रतिमा आणि शेतावर जाऊन घेतलेले बिंदू यांच्या आधारे अनेक निर्णय-झाडांची मते घेऊन निकाल देणाऱ्या रँडम फॉरेस्ट पद्धतीने प्रत्येक पिक्सेलला पीक ठरवून द्यायचे, असे त्याचे स्वरूप होते. पहिला नकाशा ९३ टक्के अचूक असल्याचे संगणकाने सांगितले आणि तो घेऊन आम्ही कालव्याकाठच्या एका गावात गेलो. तिथे सलग अकरा शेते नकाशात मका म्हणून रंगवलेली होती. बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याने मोबाइलवरचा नकाशा नीट पाहिला आणि शांतपणे म्हटले, "भाऊ, इथे मका कुणीच पेरलेली नाही. ही सगळी कांदेबाग आहे." पावसाळा सरल्यावर लावलेल्या केळीच्या बागेला इकडे कांदेबाग म्हणतात; समोर गुडघ्याएवढी केळीची रोपे ओळीने उभी होती.

ही चूक प्रतिमांची नव्हती, रँडम फॉरेस्टचीही नव्हती. आम्ही बिंदू कुठून घेतले, किती घेतले आणि त्यांचा समतोल कशाच्या हिशेबाने साधला, यात ती होती. पुढे दिलेले बिंदूंचे आणि शेतांचे आकडे या एका कामापुरते आहेत. तालुक्याच्या पीकक्षेत्राची आकडेवारी म्हणून ते वाचू नयेत.

हाताशी काय होते

ऑक्टोबरअखेरपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दर महिन्याला एक, अशा सहा ढगविरहित तारखा आम्ही निवडल्या. प्रत्येक तारखेचे दहा बँड, म्हणजे प्रकाशाचे दहा वेगवेगळे पट्टे, घेतले : दहा मीटरच्या पिक्सेलचे चार (B2, B3, B4, B8) आणि वीस मीटरचे सहा (B5, B6, B7, B8A, B11, B12). म्हणजे प्रत्येक पिक्सेलमागे साठ आकडे झाले. या साठ आकड्यांतून पिकाची चाल दिसते : जमीन कधी उघडी होती, हिरवेपणा कधी चढला, कधी शिगेला पोहोचला आणि कधी उतरला. एका तारखेला गहू आणि मका सारखेच हिरवे दिसू शकतात. सहा तारखांच्या चालीत ते बरेचसे वेगळे होतात.

जानेवारीत केलेल्या पाहणीत ७८० बिंदू जमले होते. केळीचे ३४०, उभ्या कापसाचे १६०, मक्याचे १२०, हरभऱ्याचे ८८, गव्हाचे ५२ आणि दादर ज्वारीचे २०. पाहणी करणारे दोघेजण मोटारसायकलवर होते, त्यामुळे बहुतेक बिंदू बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याच्या दोन्ही अंगांना आणि त्याला मिळणाऱ्या शेतरस्त्यांवर होते. प्रत्येक शेतात त्यांनी चार बिंदू घेतले होते. याचा अर्थ ७८० बिंदू असले तरी शेते फक्त १९५ होती, आणि तीही नऊ गावांतली.

९३ टक्के कुठून आले

आम्ही सगळे बिंदू एकत्र मिसळून त्यातले ७० टक्के प्रशिक्षणाला आणि ३० टक्के पडताळणीला ठेवले होते. आता एकाच शेतातले चार बिंदू घेऊन पाहा. ते एकाच दिवशी पेरलेले, एकाच पाण्यावर वाढलेले, एकाच वाणाचे, एकाच मातीतले असतात. साठही आकड्यांत ते सख्ख्या भावंडांसारखे सारखे असतात. पडताळणीच्या गटात गेलेल्या एखाद्या बिंदूची उरलेली तिन्ही भावंडेसुद्धा पडताळणीतच जाण्याची शक्यता साधारण ०.३ चा घन, म्हणजे तीन टक्क्यांच्या आत. म्हणून पडताळणीतल्या शंभरातल्या सत्त्याण्णव बिंदूंचे निदान एक भावंड प्रशिक्षणात बसलेले होते. अशा वेळी मॉडेलला पीक ओळखावे लागत नाही, त्याने शेत ओळखले तरी पुरते.

रँडम फॉरेस्टची स्वतःची अंतर्गत पडताळणीही इथे कामी येत नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण अनेकजण तिच्यावर निर्धास्तपणे विसंबतात. प्रत्येक झाड तयार होताना बिंदू पुन्हापुन्हा उचलले जातात, त्यामुळे सुमारे ६३ टक्के वेगवेगळे बिंदू त्या झाडात येतात आणि ३७ टक्के बाहेर राहतात. त्या बाहेरच्यांवर झाडाची परीक्षा होते. पण एखादा बिंदू बाहेर असताना त्याची तिन्ही भावंडेही बाहेर असण्याची शक्यता ०.३७ चा घन, म्हणजे पाच टक्के. उरलेल्या पंच्याण्णव वेळा झाडाने त्याच शेताचा धडा आधीच गिरवलेला असतो.

म्हणून विभागणी बिंदूंची न करता गावांची केली. एका गावाची सगळी शेते एकतर शिकवायला किंवा तपासायला, दोन्हीकडे कधीच नाही. शेताऐवजी गाव घेण्याचे कारण असे की शेजारशेजारची शेतेही एकाच पाटाच्या पाण्यावर आणि जवळपास एकाच आठवड्यात पेरलेली असतात.

```python
cv = StratifiedGroupKFold(n_splits=5, shuffle=True, random_state=7)
rf = RandomForestClassifier(n_estimators=500, n_jobs=-1)
pred = cross_val_predict(rf, X, y, groups=village, cv=cv)
```

त्याच ७८० बिंदूंवर, त्याच मॉडेलची अचूकता ९३ वरून ७४ टक्क्यांवर आली. नकाशा तोच होता. फक्त आता त्याच्याबद्दलची माहिती खरी होती. दोन पद्धतींच्या आकड्यांत असे मोठे अंतर दिसले, तर बिंदू थोड्या शेतांत आणि थोड्या गावांत दाटलेले आहेत असे समजावे.

केळीत बिंदू सर्वांत जास्त, तरी केळीच चुकली

केळीची ८५ शेते आमच्याकडे होती. संख्येकडे पाहून या वर्गाला आणखी बिंदूंची गरज आहे असे कोणी म्हटले नसते. पण ८५ शेतांच्या, हिरवेपणा मोजणाऱ्या एनडीव्हीआय निर्देशांकाच्या रेषा एकाच आलेखावर काढल्या तेव्हा त्यांचे तीन वेगळे जुडगे दिसले.

मृगबागेची लागवड जून-जुलैमध्ये होते, त्यामुळे ऑक्टोबरअखेरीस पाने एकमेकांना भिडू लागलेली असतात आणि पुढे मार्चपर्यंत रेषा उंचच राहते. पिलबागेत घड कापल्यावर जुनी खोडे उतरवतात, म्हणून मध्येच रेषा खाली येते आणि पिलांच्या वाढीबरोबर पुन्हा चढते. कांदेबागेची लागवड पावसाळा सरल्यावर, मुख्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तिची रेषा ऑक्टोबरात जवळपास उघड्या जमिनीची असते, डिसेंबरात किंचित हलते, जानेवारी-फेब्रुवारीत चढू लागते आणि मार्चमध्येही चढतच असते. नोव्हेंबरात पेरलेल्या रब्बी मक्याची रेषाही जानेवारीअखेरपर्यंत साधारण अशीच चालते. मका तिच्याहून जोरात चढते आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पिवळी पडू लागते, एवढाच मोठा फरक. तो फरक ओळखायला मॉडेलने कांदेबाग पुरेशी पाहिलेली हवी.

आमच्या ८५ शेतांत मृगबाग ६१ होती, पिलबाग २०, आणि कांदेबाग अवघी ४. जानेवारीत मोटारसायकलवरून जाताना डोळ्यांत भरते ती उंच, गर्द बाग. दीड मीटर अंतरावर लावलेली हातभर रोपे दुरून नांगरलेल्या रानासारखी दिसतात. म्हणजे केळी या शब्दाखाली आम्ही जे शिकवले ते मुख्यतः मृगबागेचे रूप होते. उशिरा चढणारी रेषा मॉडेलने मुख्यतः मक्याच्या शेतांत पाहिलेली असल्याने कांदेबागेला त्याने मका म्हटले. त्याला शिकवलेल्या गोष्टींतून तेच उत्तर निघत होते.

म्हणून मला असे ठामपणे वाटते की वर्गावर्गांतला समतोल पाहण्याआधी वर्गाच्या पोटातला समतोल पाहावा. लागवडीची वेळ, आधीचे पीक, बागायत की कोरडवाहू, काळी की मुरमाड जमीन, या गोष्टी एकाच पिकाला उपग्रहाच्या नजरेत दोन-तीन वेगवेगळी रूपे देतात. गव्हाचेही तसेच निघाले. आमच्या १३ शेतांपैकी ११ शेतांत आधी कापूस होता आणि पऱ्हाटी काढून उशिरा गहू पेरला होता. मूग-उडीद निघाल्यावर वेळेवर पेरलेला गहू फक्त दोन शेतांत होता. ऑक्टोबरच्या प्रतिमेत पहिल्या गटात हिरवा कापूस दिसतो, दुसऱ्यात मोकळे रान. पाहणीच्या कागदावर मात्र दोन्हीकडे एकच शब्द लिहिलेला होता. तेव्हापासून आम्ही प्रत्येक शेताच्या नोंदीत "आधी काय होते" आणि "कधी लावले" हे दोन रकाने सक्तीचे केले.

दुसरी फेरी कुठे काढायची

पुन्हा शेतावर जायचे ठरले, पण या वेळी रस्त्याच्या सोयीने जायचे नाही हे नक्की होते. साठ बँडांच्या संचावर, कोणतेही पीक न सांगता, आम्ही केवळ सारखेपणावरून पिक्सेलचे बारा गट पाडले आणि प्रत्येक गटात किती क्षेत्र आहे व आपली किती शेते आहेत, हे शेजारी शेजारी मांडले. दोन गट लगेच नजरेत भरले. उशिरा चढून मार्चमध्येही चढत्या राहणाऱ्या रेषेच्या गटात भरपूर क्षेत्र होते आणि आमची शेते चारच होती. दुसऱ्या गटात सहाही तारखांना हिरवेपणा अगदी कमी होता आणि त्यात आमचे एकही शेत नव्हते. तो गट पडीक रानाचा आणि खरिपानंतर नांगरून ठेवलेल्या शेतांचा होता. आमच्या सहा वर्गांत त्याला जागाच नव्हती, त्यामुळे मॉडेलने त्यातले बरेचसे पिक्सेल विरळ हरभऱ्यात घातले होते. रँडम फॉरेस्टला "माहीत नाही" असे म्हणता येत नाही; दिलेल्या वर्गांपैकी एक त्याला निवडावाच लागतो. म्हणून लिंबू-पेरूच्या बागा, ऊस, पडीक, बाभळीची झुडपे हे सगळे घेऊन "इतर" असा वर्ग केला.

मार्चमधील दुसऱ्या फेरीत प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठिकाणे काढली आणि गावांची संख्या २४ वर नेली. त्यांत सातपुड्याच्या पायथ्याची कोरडवाहू गावेही आली. कापूस आणि हरभरा तोवर निघून गेले होते, म्हणून तिथे शेतकऱ्याला विचारून नोंद केली आणि आधीच्या प्रतिमांशी ती ताडून पाहिली. ज्या कांदेबागेत ओळींमध्ये हरभऱ्याचे आंतरपीक घेतलेले होते, ती शेते प्रशिक्षणातून वगळली.

बिंदू कुठे टेकवायचा यातही आधी चूक होत होती. माणूस बांधावर किंवा शेतरस्त्यावर उभा राहून मोबाइलवर बिंदू नोंदवतो आणि तो बिंदू बांधाच्या पिक्सेलमध्ये जातो. एका एकराचे शेत म्हणजे दहा मीटरचे साधारण चाळीस पिक्सेल, पण वीस मीटरच्या बँडांचे दहाच. ते शेत तीस मीटर रुंदीची लांब पट्टी असेल, तर वीस मीटरचे बहुतेक पिक्सेल शेजारचे पीकही पोटात घेतात. आम्ही प्रतिमेवर शेताची हद्द आखून, बांधापासून वीस मीटर आत, शेतामागे जास्तीत जास्त दोन पिक्सेल घेतले. अरुंद पट्ट्या या नियमात बसत नाहीत, त्या प्रशिक्षणातून सुटतात. पडताळणीतून मात्र त्या सुटू देऊ नयेत, कारण नकाशात त्या आहेतच आणि तिथेच तो जास्त चुकतो.

सगळ्यांना सारखे वाटप, आणि दादरचा पूर

दरम्यान आमच्यातल्या एका सहकाऱ्याने सरळ उपाय सुचवला होता : प्रत्येक वर्गाचे बिंदू ३४० करू. दादरच्या २० बिंदूंच्या सतरा-सतरा प्रती काढल्या की तेही ३४० होतात. आम्ही ते करून पाहिले. दादरची जी पाच शेते होती ती सगळी बरोबर ओळखली गेली, पण नकाशावर जिथे तिथे दादर उगवली.

याचे कारण साध्या हिशेबाने कळते. समजा हजार शेते आहेत आणि त्यांपैकी वीसच दादरची आहेत. मॉडेलने वीसपैकी सोळा ओळखली. उरलेल्या ९८० पैकी फक्त चार टक्के शेते चुकून दादरमध्ये घातली, तरी ती ३९ होतात. नकाशावर दादरची ५५ शेते दिसतील आणि त्यांतली खरी सोळाच असतील. सारखे वाटप करताना आपण मॉडेलला असे सांगत असतो की दर सहा शेतांत एक दादरचे आहे. मग जिथे मका की दादर अशी शंका येते तिथे ते दादरच्या बाजूने कौल देते. प्रती काढल्याने दादरबद्दल नवे काही कळत नाही, तिचे मत फक्त मोठे होते. थोड्या बिंदूंच्या वर्गाला जास्त वजन देणारे class_weight="balanced" लावल्यानेही परिणाम याच दिशेने होतो.

याच्या उलट, क्षेत्राच्या अगदी प्रमाणात बिंदू घेतले तर दादर इतकी थोडी उरते की झाडांच्या फांद्यांत तिच्यासाठी वेगळे टोकच तयार होत नाही आणि ती नकाशातून नाहीशी होते. आम्ही मधला मार्ग घेतला : मुळात क्षेत्राच्या प्रमाणाकडे झुकते माप ठेवायचे, पण कोणत्याही वर्गाला आणि त्याच्या कोणत्याही ठळक रूपाला वीस शेतांच्या फार खाली जाऊ द्यायचे नाही, आणि ती संख्या खऱ्या, वेगवेगळ्या गावांतल्या शेतांनी गाठायची, प्रतींनी नाही.

शेवटी ३१७ शेते झाली. केळी १०० (मृगबाग ४०, पिलबाग २५, कांदेबाग ३५), कापूस ४०, मका ४०, हरभरा ३५, गहू ३५, दादर २२ आणि इतर ४५. मृगबागेची २१ शेते आम्ही काढून टाकली. हातची माहिती टाकताना जीव थोडा खालीवर झाला, पण ती एक-दोन गावांतली, एकमेकांना लागून असलेली शेते होती आणि त्यांनी नवे काही शिकवले नसते.

रूपे निवडीपुरती, नावात नाहीत

एक चूक आम्ही या टप्प्यावरही केली. मृगबाग, पिलबाग आणि कांदेबाग असे तीन वेगळे वर्ग म्हणून मॉडेलला दिले आणि नकाशा झाल्यावर त्यांना एकत्र करून केळी म्हणायचे ठरवले. एका पिक्सेलची मते उघडून पाहिली तेव्हा ५०० झाडांपैकी १९० मक्याच्या बाजूची, १५० कांदेबागेच्या, ११० मृगबागेच्या, २० पिलबागेच्या आणि ३० इतरच्या बाजूची होती. सर्वांत जास्त मते मक्याला म्हणून पिक्सेल मका ठरला, जरी केळीची मते मिळून २८० होत होती. घरातच मते फुटली होती. यावर दोन उपाय आहेत : निकाल लावण्याआधी तिन्ही रूपांची मते बेरजेने एकत्र करावीत, किंवा प्रशिक्षणातच तिघांना "केळी" हे एकच नाव द्यावे. रँडम फॉरेस्टला एका नावाखाली तीन वेगळ्या चाली असल्या तरी अडचण येत नाही, तो प्रत्येकीसाठी वेगळी वाट काढतो. म्हणून आम्ही दुसरा उपाय घेतला. रूपांची नोंद बिंदू निवडण्यासाठी आणि चुका मोजण्यासाठी ठेवली, वर्गाचे नाव म्हणून नाही.

गावनिहाय विभागणीने तपासल्यावर एकूण अचूकता ७४ वरून ८३ टक्क्यांवर आली. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते कांदेबागेचे खाते. ३५ पैकी २७ शेते केळी म्हणून ओळखली गेली, सहा अजूनही मक्यात गेली आणि दोन इतरमध्ये. ती सहा शेते पुन्हा पाहिली तेव्हा त्यांपैकी चार नोव्हेंबरच्या शेवटी लावलेली निघाली. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांची पाने जमीन झाकत नाहीत. तिथे बिंदू वाढवून उपयोग नाही, एप्रिलची एक प्रतिमा जोडावी लागेल. एप्रिलमध्ये मका निघालेली असते आणि उन्हातही हिरवी राहते ती बागच.

पीकक्षेत्राचा आकडा काढताना नकाशातले पिक्सेल थेट मोजले नाहीत. प्रशिक्षणाचे बिंदू आम्ही हेतूने निवडलेले होते, म्हणून ते क्षेत्राचा अंदाज द्यायला चालत नाहीत. नकाशा झाल्यावर त्याच्या प्रत्येक रंगातून वेगळे, यादृच्छिक बिंदू काढून त्यांची तपासणी केली आणि कोणत्या रंगात किती टक्के कोणते पीक निघाले, ते त्या रंगाच्या क्षेत्राने गुणून बेरीज घेतली. या तपासणीचे बिंदू प्रशिक्षणात मिसळण्याचा मोह होतो, विशेषतः दादरसारख्या थोड्या पिकाच्या बाबतीत. तो आवरावा लागतो.

दादरचे काम अजून अपुरे आहे. २२ पैकी १४ शेते बरोबर आली, बाकीची बहुतेक मक्यात गेली. दोन्ही उंच, रुंद पात्याची गवतवर्गीय पिके असल्याने भर वाढीत त्यांच्यात फारसा फरक दिसत नाही. फरक आहे तो दादर आधी पेरली जाते आणि आधी वाळते यात. सध्याच्या नकाशात जिथे मका आणि दादर यांच्या मतांत पन्नासपेक्षा कमी अंतर आहे ते पिक्सेल आम्ही राखाडी रंगाने "अनिश्चित" म्हणून सोडले आहेत. पुढच्या हंगामात दादर निसवते त्या सुमारास, जानेवारीची वाट न पाहता, तापीकाठच्या काळ्या रानात एक वेगळी फेरी काढायची आहे. कणीस डोळ्याने दिसत असताना घेतलेली नोंद चुकत नाही, आणि आणखी वीसेक शेते हवी आहेत ती जितकी वेगवेगळ्या गावांतली मिळतील तितकी.